कर्ज फिटले, पण कागद कुठे आहेत?

कर्जाचा शेवटचा हप्ता भरला की घर आपले झाले, असे आपण धरून चालतो. पण घराचे मूळ खरेदीखत बँकेकडे पडून आहे आणि मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा दिसतो आहे, तोपर्यंत घेणारा पुढे येत नाही, भावंडांचे वाटणीपत्र अडते आणि दुसरी बँक त्या घरावर कर्जही देत नाही. पूर्वी सोसायटीचे कर्ज फिटले की ‘बेबाकी’ दाखला मिळायचा. उर्दू वर्गात आम्ही हा शब्द फोड करून शिकवतो. ‘बाकी’च्या आधी ‘बे’ लागला की अर्थ होतो, काहीही शिल्लक नाही. कर्ज फिटल्यावर कर्जदाराकडे जशी बाकी राहू नये, तशी बँकेकडेही कर्जदाराची कुठली वस्तू राहू नये. बऱ्याच घरांमध्ये हा दुसरा अर्धा हिशेब राहून जातो.

तो पुरा करून घेण्याचा रस्ता तीन पायऱ्यांचा आहे. आधी शाखा, मग बँकेचे नोडल अधिकारी आणि शेवटी रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. 2024 मध्ये आमच्या घराला तिन्ही पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. या रस्त्यावर आवाज चढवून काही होत नाही, सगळे काम तारखा करतात. कोणत्या दिवसापासून दिवस मोजायचे आणि तो दिवस कोणत्या कागदाने सिद्ध करायचा, एवढे हातात असले तर साधा पगारदार माणूसही वकिलाशिवाय हे काम शेवटाला नेऊ शकतो.

आमचे प्रकरण

आम्ही दोघेही शिक्षक, राहतो वाशीमला. कारंज्यात आमचे एक जुने घर होते. 2011 मध्ये दोघांच्या नावे गृहकर्ज काढून ते घेतले होते. मोठ्या मुलीच्या शिक्षणासाठी ते विकायचे ठरले. घेणारे मिळाले, इसार झाला आणि 31 मार्च 2024 पर्यंत खरेदी करून द्यायचे, असे इसार पावतीत लिहिले गेले. घेणाऱ्यांनाही कर्ज काढायचे होते आणि त्यांच्या बँकेने पहिली अट घातली की मूळ कागद दाखवा. इसाराच्या पैशांतून काही रक्कम घालून आम्ही 5 फेब्रुवारी 2024 रोजी कर्जाची उरलेली सगळी रक्कम काउंटरवर भरली. शिक्का असलेली पावती घेतली आणि त्याच दिवशी कर्ज खात्याचा उतारा मागून घेतला. शेवटच्या ओळीत शिल्लक शून्य होती.

ही पावती आणि हा उतारा पुढे किती कामाला आला, ते खाली येईलच.

अशा वेळी बँकेवर काय बंधन आहे, ते रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 च्या आदेशात सांगितले आहे. गृहकर्जासारखे वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांच्या आत बँकेने मालमत्तेचे सर्व मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर उशिराचे कारण कर्जदाराला कळवायचे आणि प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची. कागद हरवले किंवा खराब झाले असतील तर नकला काढून देण्यासाठी बँकेने मदत करायची, त्याचा खर्चही सोसायचा, आणि त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. ज्यांच्या बाबतीत कागद परत देण्याची वेळ 1 डिसेंबर 2023 किंवा त्यानंतर आली, त्यांना हा नियम लागू आहे. कर्ज 2011 चे असले तरी ते फिटले 2024 मध्ये, म्हणून आम्ही त्यात बसत होतो.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीनवाल्यांच्या घरी हे वाचले जाईल, म्हणून इथेच सांगतो. हा रोजच्या 5,000 रुपयांचा नियम वैयक्तिक कर्जांसाठी आहे. गृहकर्ज आणि शिक्षणकर्ज त्यात येते, पीककर्ज आणि धंद्याचे कर्ज येत नाही. पीककर्ज फिटूनही सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नसेल तर तक्रारीचा रस्ता हाच आहे, पण दिवसाला ठरलेली ही भरपाई त्यात मागता येत नाही.

आमचे 30 दिवस 6 मार्चला संपले. तोवर शाखेत दोनदा चौकशी केली होती. “सर, कागद मोठ्या ऑफिसात असतात, मागवलेत, पुढच्या आठवड्यात या,” असे उत्तर दोन्ही वेळा मिळाले. बोलणारा मुलगा अदबीचा होता. पण त्याच्या ‘पुढच्या आठवड्या’ला तारीख नव्हती आणि आमच्या इसार पावतीला होती.

पहिली पायरी : शाखेचा शिक्का

आमच्या मोहल्ल्यात बँकेतून निवृत्त झालेले एक चाचा आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटा, बँकेत तोंडी केलेली तक्रार म्हणजे गप्पा. कागदावर आवक शिक्का पडला की तक्रार जन्माला येते. तिची जन्मतारीख हीच पुढे सगळीकडे विचारतील.”

ते अक्षरशः खरे निघाले. लोकपालांकडे जाण्याची मुख्य अट अशी की आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली असावी. मग बँकेने ती पूर्ण किंवा अंशतः फेटाळलेली असावी, किंवा दिलेल्या उत्तराने तक्रारदाराचे समाधान झालेले नसावे, किंवा बँकेला तक्रार मिळाल्यापासून 30 दिवस उलटूनही उत्तर आलेले नसावे. हे दिवस बँकेला तक्रार मिळाल्यापासून मोजतात. टपालाने पाठवलेले पत्र चार दिवसांनी पोहोचले तर मोजणीही चार दिवसांनी सुरू होते. हाताने दिलेल्या पत्राची मोजणी शिक्क्याच्या दिवसापासूनच सुरू होते.

11 मार्चला, रमजानच्या आदल्या दिवशी, आम्ही पत्र घेऊन शाखेत गेलो. पत्र मराठीत होते आणि एका पानात संपत होते. मजकूर साधारण असा होता :

“आमचे गृहकर्ज खाते दि. 5 फेब्रुवारी 2024 रोजी पूर्ण फेडले आहे. पावती व शून्य शिल्लक दाखवणारा उतारा सोबत जोडला आहे. रिझर्व्ह बँकेच्या दि. 13 सप्टेंबर 2023 च्या आदेशाप्रमाणे मूळ कागद दि. 6 मार्च 2024 पर्यंत परत मिळायला हवे होते, ते मिळालेले नाहीत. कर्ज घेताना जमा केलेल्या कागदांची यादी सोबत आहे. आमच्या मागण्या : एक, यादीतील सर्व मूळ कागद परत मिळावेत. दोन, मिळकत पत्रिकेवरील बोजा कमी करण्याचे पत्र मिळावे. तीन, दि. 7 मार्चपासून कागद मिळेपर्यंत दररोज 5,000 रुपये भरपाई मिळावी. चार, उशिराचे कारण लेखी कळवावे.”

या पत्रात ना कोणाची निंदा होती, ना आमच्या अडचणींचे वर्णन. मुलीच्या शिक्षणाचा विषयही आम्ही त्यात आणला नाही. पत्र वाचणाऱ्याला त्यातून कर्ज कधी फिटले, काय मिळाले नाही आणि काय हवे, एवढेच कळायला हवे.

कागदांच्या यादीविषयी थोडे सांगायला हवे. कर्ज मंजूर होताना बँक मूळ कागद जमा करून घेते, तेव्हा त्यांची यादी तयार होते. तिची प्रत आपल्या घरी असली पाहिजे. आमच्या यादीत आमचे खरेदीखत, सूची क्रमांक 2 आणि आमच्या आधीच्या मालकाचे 1990 च्या दशकातले खरेदीखत होते. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या दस्तांवर ‘जिल्हा अकोला’ असेच लिहिलेले असते. असा जुना दस्त दुसऱ्या जिल्ह्याचा समजून भलत्याच गठ्ठ्यात जाऊ शकतो. म्हणून आम्ही प्रत्येक दस्तापुढे त्याचा नोंदणी क्रमांक, वर्ष आणि दस्तावर छापलेला जिल्हा लिहून दिला.

शाखेत पत्र घेतले, पण पोच द्यायला टाळाटाळ सुरू झाली. “साहेब आले की शिक्का मारू, तुम्ही ठेवून जा.” आम्ही थांबलो. साहेब आले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही मिळाली. शाखेने ठाम नकारच दिला असता तर पोहोच पावतीसह रजिस्टर टपालाने तेच पत्र शाखेच्या पत्त्यावर पाठवता आले असते, किंवा बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेता आला असता. दोन्ही तितकेच चालतात. तक्रार निवारणाच्या टोल फ्री क्रमांकावर बोललो तर तिथेही तक्रार क्रमांक मागून घ्यावा. क्रमांकाशिवायचा फोन कुठेच मोजला जात नाही.

दुसरी पायरी : नोडल अधिकारी

दोन आठवडे शाखेकडून काहीच आले नाही. 31 मार्च जवळ येत होता. घेणारे भले गृहस्थ होते. आम्ही त्यांना शिक्क्याची प्रत दाखवली आणि त्यांनी मे अखेरपर्यंतची मुदतवाढ इसार पावतीवर लिहून दिली. दोन्हीकडच्या सह्या झाल्या.

26 मार्चला आम्ही नोडल अधिकाऱ्यांना पत्र पाठवले. लोकपाल योजनेप्रमाणे प्रत्येक बँकेत एक प्रधान नोडल अधिकारी असतो. हा महाव्यवस्थापक दर्जाचा किंवा तत्सम वरचा अधिकारी असतो आणि पुढे लोकपालांसमोर बँकेची बाजू मांडण्याची जबाबदारी त्याच्याकडेच असते. त्याचे नाव, पत्ता आणि फोन शाखेत लोकांना दिसेल असे लावणे बंधनकारक आहे. आमच्या शाखेत तो फलक पासबुक छापण्याच्या यंत्रामागे होता. मोबाईलवर फोटो काढून आम्ही पत्ता उतरवून घेतला.

या पायरीबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला असा की नोडल अधिकाऱ्याकडे गेल्यावर 30 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तसे नाही. बँक एकच आहे आणि तिला तक्रार मिळाली ती शाखेत शिक्का पडला त्या दिवशी. आमची मोजणी 11 मार्चपासूनच चालू होती आणि 10 एप्रिलला पुरी होणार होती. दुसरा गैरसमज असा की नोडल अधिकाऱ्याकडे गेल्याशिवाय लोकपाल तक्रार घेतच नाहीत. योजनेला हवी असते ती बँकेकडे केलेली लेखी तक्रार. मात्र मधली ही पायरी फुकट जात नाही, कारण शाखेला जे अधिकार नसतात ते वरच्या कार्यालयाला असतात आणि बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. 30 दिवस उलटेपर्यंत हात बांधून बसण्यापेक्षा त्याच काळात हे पत्र पाठवावे.

नोडल अधिकाऱ्यांच्या पत्रात आम्ही नवे काही लिहिले नाही. शाखेला दिलेल्या शिक्क्याच्या पत्राची प्रत जोडली आणि तीन प्रश्न विचारले. कागद आज कुठे आहेत? ते कोणत्या तारखेला मिळतील? भरपाईबाबत बँकेचे म्हणणे काय? त्यांचे उत्तर 8 एप्रिलला आले. “आपली कागदपत्रे केंद्रीय अभिलेख कक्षातून मागविण्यात आली असून लवकरात लवकर उपलब्ध करून देण्यात येतील.” त्यात तारीख नव्हती आणि भरपाईचा शब्दही नव्हता. पण एक उपयोगाची गोष्ट होती. कागद हरवलेले नाहीत, हे बँकेने लिहून दिले होते. म्हणजे हरवलेल्या कागदांसाठी मिळणारे जादा 30 दिवस बँकेला पुढे मागता येणार नव्हते. असे गोलमोल उत्तरही म्हणूनच जपून ठेवावे आणि त्यात बँकेने काय कबूल केले आहे, ते शोधावे.

बँकेच्या उत्तरात कधी कधी ‘अंतर्गत लोकपाल’ हा शब्द दिसतो. हे पद मोठ्या बँकांमध्ये असते. बँक जी तक्रार फेटाळणार असते, ती अंतिम उत्तर देण्यापूर्वी त्यांच्याकडे पाठवली जाते. ग्राहकाने त्यांच्याकडे वेगळा अर्ज करायचा नसतो, आणि रिझर्व्ह बँकेचे लोकपाल ते हे नव्हेत.

तिसरी पायरी : लोकपाल

30 दिवस 10 एप्रिलला पुरे झाले. 11 तारखेला ईद होती. 15 एप्रिलला आम्ही लोकपालांकडे तक्रार दाखल केली.

बँका, वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्यासाठी पूर्वी तीन वेगळ्या लोकपाल योजना होत्या. 12 नोव्हेंबर 2021 पासून त्या एकत्र झाल्या. त्यामुळे आपला जिल्हा कोणत्या लोकपालाच्या हद्दीत येतो, हे शोधत बसावे लागत नाही. तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर करता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी भारतीय रिझर्व्ह बँक, केंद्रीकृत प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, चौथा मजला, सेक्टर 17, चंदीगड 160017 या पत्त्यावर टपालाने पाठवावी. 14448 हा टोल फ्री क्रमांक आहे. तिथे हिंदीत आणि मराठीतही बोलता येते. कुठेही फी लागत नाही. वकील आपल्या वतीने तक्रार दाखल करू शकत नाही, पण घरातल्या माणसाला लेखी अधिकार देता येतो. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकते.

संकेतस्थळावर आधी मोबाईलवर आलेला क्रमांक टाकावा लागतो. मग बँक निवडायची, आणि त्यानंतर नेमका तोच प्रश्न येतो ज्यासाठी आम्ही शाखेत थांबलो होतो. बँकेकडे लेखी तक्रार केली का, आणि कोणत्या तारखेला? त्याची प्रत तिथे जोडायची असते. इथे तारीख नसेल किंवा 30 दिवस झाले नसतील, तर तक्रार विचारात घेतली जात नाही. त्याच कारणावरून न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल किंवा निकाल लागला असेल, तरीही लोकपाल ते हाती घेत नाहीत. म्हणून रागाच्या भरात आधी ग्राहक आयोगात जाण्यापूर्वी विचार करावा. आणि कर्ज मंजूर करायचे की नाही, हा बँकेचा धंद्याचा निर्णय मानला जातो. “मला कर्ज का दिले नाही” ही तक्रार इथे सहसा टिकत नाही.

लोकपालांकडे जाण्याची शेवटची मुदतही आहे. 2021 च्या योजनेप्रमाणे बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एक वर्ष, आणि उत्तर आलेच नसेल तर तक्रारीच्या तारखेपासून एक वर्ष 30 दिवस. या मुदती योजनेत बदल करून बदलता येतात, म्हणून वर्षावर विसंबू नये. 30 दिवस पुरे झाले की त्याच आठवड्यात तक्रार करावी.

आम्ही एका पानाचा तारखांचा तक्ता केला आणि त्याच्यामागे प्रत्येक तारखेचा कागद लावला. 5 फेब्रुवारीची पावती आणि उतारा, 11 मार्चचे शिक्क्याचे पत्र, 26 मार्चची टपाल पावती आणि पोहोच, 8 एप्रिलचे उत्तर, कागदांची यादी, आणि कर्जाचे मंजुरीपत्र. दाखल होताच तक्रारीचा क्रमांक मोबाईलवर आला. त्यावरून तक्रार कुठवर पोहोचली, ते बघता येते.

तक्रार दाखल झाल्यावर लोकपालांचे कार्यालय ती बँकेकडे पाठवते आणि बँकेला 15 दिवसांत आपले म्हणणे द्यावे लागते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाखेतून स्वतःहून फोन आला. कागद आले होते. 15 मे रोजी आम्ही ते ताब्यात घेतले.

सही करण्यापूर्वी

कागद परत देताना शाखेने एक छापील फॉर्म पुढे केला. त्यात “सर्व मूळ कागदपत्रे मिळाली, माझी बँकेविरुद्ध कोणतीही तक्रार शिल्लक नाही” असे एकाच वाक्यात लिहिले होते. कागद हातात आल्याच्या आनंदात माणूस यावर सही करतो आणि बँक तेच पान लोकपालांना दाखवते. आम्ही आधी यादी समोर ठेवून प्रत्येक दस्त, त्याचा क्रमांक आणि पानांची संख्या तपासली. मग दुसरे अर्धे वाक्य खोडले, खोडल्याजवळ सही केली आणि हाताने लिहिले : “यादीप्रमाणे कागद दि. 15 मे 2024 रोजी मिळाले. विलंबाच्या भरपाईची मागणी कायम आहे.” शाखाधिकारी म्हणाले, “मॅडम, फॉर्ममध्ये बदल चालत नाही.” आम्ही म्हणालो, “मग आम्ही वेगळ्या कागदावर पोच लिहून देतो.” अखेर खोडलेला फॉर्मच चालला. त्याची छायाप्रत आम्ही तिथेच काढून घेतली. बोजा उतरवण्याचे पत्रही त्याच दिवशी मागून घेतले आणि कारंज्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात देऊन त्याची पोच घेतली. खरेदी वाढवलेल्या मुदतीत पार पडली.

राहिला प्रश्न भरपाईचा. बँकेने लोकपालांना कळवले की कर्ज खाते संगणकावर 19 फेब्रुवारीला बंद झाले, म्हणून 30 दिवस तिथून मोजावेत. तसे केले तर मुदत 20 मार्चला संपते आणि उशीर होतो 56 दिवसांचा, म्हणजे 2,80,000 रुपये. आमचा हिशेब 5 फेब्रुवारीपासून होता. मुदत 6 मार्चला संपली. 7 मार्चपासून मार्चचे 25, एप्रिलचे 30 आणि मेचे 15 असे 70 दिवस, म्हणजे 3,50,000 रुपये. मधल्या 14 दिवसांची किंमत 70,000 रुपये होती. आदेशात दिवस मोजायचे आहेत ते कर्ज पूर्ण फेडल्यापासून. खाते बंद करण्याची नोंद बँकेचा माणूस सवडीने करतो, तिच्यावर कर्जदाराचा ताबा नसतो. 5 फेब्रुवारीचा उतारा त्याच दिवशी शून्य दाखवत होता. लोकपाल कार्यालयाने दोन्ही कागद बँकेपुढे ठेवले आणि जुलैमध्ये बँकेने 70 दिवसांची रक्कम आमच्या बचत खात्यात जमा केली. तडजोडीने प्रकरण मिटले, निवाड्याची वेळ आली नाही.

तडजोड झाली नाही तर लोकपाल निवाडा देऊ शकतात. 2021 च्या योजनेत तक्रारदाराच्या नुकसानीसाठी 20 लाख रुपयांपर्यंत आणि वेळ, खर्च व मनस्तापासाठी वेगळे एक लाख रुपयांपर्यंत भरपाई देता येते. निवाड्याची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत “मला निवाडा पूर्णपणे मान्य आहे” असे पत्र बँकेला द्यावे लागते. ते दिले नाही तर जिंकलेला निवाडाही रद्द होतो. ही शेवटची तारीख बँक आपल्याला आठवण करून देत नाही. निवाडा पटला नाही तर 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते.

कोणाला हा रस्ता खुला नाही

आपल्या तालुक्यांत अनेकांचे कर्ज पतसंस्थेचे असते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाही. तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करावी लागते. राष्ट्रीयीकृत, खासगी आणि ग्रामीण बँका मात्र योजनेत आहेत. म्हणून कर्ज घेतानाच पासबुकावरचे पूर्ण नाव वाचावे. ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

कर्जदाराचा इंतकाल झाला तर कागद वारसांना परत करण्याची पद्धत प्रत्येक बँकेने ठरवून ती आपल्या संकेतस्थळावर ठेवली पाहिजे, हेही त्याच 2023 च्या आदेशात आहे. घरच्या बायकांना आणि मुलांना कर्जाची फाईल कुठे आहे, हे ठाऊक असावे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा मामला मुदतीसह लिहून ठेवण्यास सांगितले आहे. आपण कर्ज घेताना तसे लिहितो, पण फेडल्यावरचे लिहायचे राहून जाते.

आम्ही ती फाईल अजून ठेवली आहे. त्यात वरून खाली याच क्रमाने कागद लावले आहेत : मंजुरीपत्र, बँकेकडे जमा केलेल्या मूळ कागदांची यादी, शेवटच्या भरण्याची पावती, शून्य शिल्लक दाखवणारा उतारा, बँकेचा निरंक दाखला, शाखेच्या शिक्क्याची तक्रार, टपाल पावत्या, बँकेची उत्तरे, लोकपालांकडचा तक्रार क्रमांक, कागद मिळाल्याची पोच आणि बोजा उतरल्यानंतरची मिळकत पत्रिका. शेवटचा कागद हातात येईपर्यंत कर्ज फिटले असे म्हणू नये.